फितूर साक्षीदार आणि पंधरा मिनिटांची उलटतपासणी

पुराव्याच्या कायद्याची लेखी परीक्षा उत्तम देणारे अनेक विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या दिवशी एकाच ठिकाणी अडकतात. वर्गाचे न्यायालय झालेले असते. प्राध्यापक न्यायाधीशांच्या खुर्चीत असतात, एक वर्गमित्र आरोपीचा वकील असतो आणि दुसरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. सरकारी वकिलाची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःच बोलावलेला हा साक्षीदार ऐन वेळी म्हणतो, ‘मी काही पाहिलं नाही.’ वर्गमित्राला हे आधीच शिकवून ठेवलेले असते. आता त्या विद्यार्थ्यापाशी साधारण पंधरा मिनिटे असतात, आणि या पंधरा मिनिटांत काय साधायचे याची बहुतेकांची कल्पना हिंदी-मराठी चित्रपटांतून आलेली असते. आवाज चढवायचा, टेबलावर हात आपटायचा आणि साक्षीदाराला रडवून खरे बोलायला लावायचे.

प्रत्यक्ष कोर्टात फितूर साक्षीदार असा कोसळून कबुली देताना जवळजवळ कधीच दिसत नाही. त्याची उलटतपासणी घेणाऱ्या सरकारी वकिलाची कामे दोन असतात. साक्षीदार अजूनही जे मान्य करतो ते पदरात पाडून घेणे हे पहिले. तो जे नाकारतो त्याच्याशी त्याचा आधीचा जबाब रीतसर भिडवून ती विसंगती नोंदीवर आणणे हे दुसरे. दोन्ही कामे शांतपणे करायची असतात आणि त्यांचा क्रम चुकला की दोन्ही बिघडतात. हे सारे कसे चालते ते समजण्यासाठी एक काल्पनिक फाइल घेऊ. वर्गात वापरतात त्या फाइली साधारण अशाच असतात.

मार्च महिन्यातली १४ तारीख, रात्रीचे साडेनऊ. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या फाटकासमोर दोन ओळखीच्या माणसांत पैशांवरून वाद होतो आणि एकाच्या डाव्या दंडावर चाकूचा वार होतो. जखम खोल नाही, पण वैद्यकीय प्रमाणपत्रात ती धारदार वस्तूने झाल्याचे लिहिले आहे. जखमी रिक्षाचालक आरोपीचे नाव घेतो. फाटकासमोर चहाची टपरी आहे आणि टपरीवाला हा एकमेव त्रयस्थ साक्षीदार. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी घेतलेल्या त्याच्या जबाबात असे वाक्य आहे: ‘आरोपीने कमरेचा चाकू काढून रिक्षावाल्याच्या डाव्या दंडावर मारला, ते मी माझ्या टपरीतून समोरून पाहिले.’ भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ च्या पहिल्या पोटकलमाखाली, म्हणजे धोकादायक शस्त्राने दुखापत केल्याबद्दल, दोषारोपपत्र दाखल होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो.

सरतपासणीत सरकारी वकील विचारतो, ‘त्या रात्री तुम्ही काय पाहिलं?’ टपरीवाला सांगतो, ‘आरडाओरडा ऐकला. गर्दी जमली. कुणी मारलं ते दिसलं नाही, लाइट गेली होती.’

इथे पहिली परीक्षा होते. सरतपासणीत सूचक प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर प्रश्नातच सुचवलेले आहे असा प्रश्न, विचारता येत नाही. समोरचा वकील हरकत घेतो आणि ती मान्य होते. घाबरलेला विद्यार्थी तरीही ‘आरोपीने चाकू मारला ना?’ असे विचारून टाकतो आणि तिथेच गुण जातात. आधी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५७ मध्ये तशी सोय आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच जुन्या १८७२ च्या कायद्याचे कलम १५४ होते. आपल्याच साक्षीदाराला, समोरच्या पक्षाने उलटतपासणीत विचारले असते तसे प्रश्न विचारू द्यायचे की नाही, हे न्यायालयाने ठरवायचे असते. ‘फितूर घोषित करा’ ही कोर्टातली रूढ भाषा आहे, पण कलमाला तेवढ्या घोषणेची गरज नाही. परवानगी पुरेशी आहे.

परवानगी मागताना कारण द्यावे लागते. साक्षीदाराचे उत्तर आपल्याला गैरसोयीचे आहे, एवढे कारण पुरत नाही. साक्षीदार खरोखर विसरलेला असू शकतो, गोंधळलेला असू शकतो, किंवा तो आज सांगतो तेच खरे असू शकते. म्हणून विद्यार्थ्याने उठून फाइलवर बोट ठेवून सांगायला हवे: ‘साक्षीदाराने १५ मार्चच्या जबाबात वार प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगितले आहे. आजची साक्ष त्याच्या उलट आहे. त्यामुळे उलटतपासणीच्या स्वरूपाचे प्रश्न विचारण्याची आणि त्या जबाबाचा विसंगती दाखवण्यासाठी उपयोग करण्याची परवानगी मिळावी.’ या वाक्यात दोन परवानग्या आहेत आणि चांगला परीक्षक दुसरीकडे विशेष लक्ष देतो. पोलिसांपुढचा जबाब वापरण्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ चे बंधन आहे. आरोपीला त्या जबाबातून साक्षीदाराची विसंगती दाखवण्याचा हक्क आहे. सरकार पक्षाला मात्र त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते.

परवानगी मिळाली की विद्यार्थ्याचा हात लगेच जबाबाच्या कागदाकडे जातो. तो थोडा वेळ थांबायला हवा. कागद पुढे केला की साक्षीदार सावध होतो, आणि मग साधी गोष्टही कबूल करायला कचरतो. त्यामुळे ज्यावर वाद नाही किंवा जे नाकारणे त्याला जड जाईल, ते आधी विचारावे. आता सूचक प्रश्न चालतात, नव्हे, तेच हवेत. प्रश्न छोटा, एका वेळी एकच गोष्ट आणि उत्तर होय-नाहीत संपेल असा असावा.

‘तुमची टपरी स्टँडच्या मुख्य फाटकासमोर आहे?’ होय. ‘टपरी आणि फाटक यांच्यात फक्त रस्ता आहे?’ होय. ‘१४ मार्चच्या रात्री साडेनऊला टपरी चालू होती?’ होय. ‘आरोपी तुमच्याकडे नेहमी चहाला येतो?’ येतो. ‘म्हणजे तुम्ही त्याला चेहऱ्याने आणि नावाने ओळखता?’ ओळखतो. ‘आरडाओरडा झाला तेव्हा आरोपी तिथे होता?’ होता, बरेच लोक होते. ‘रिक्षावाल्याच्या दंडातून रक्त येताना तुम्ही पाहिलं?’ पाहिलं, मीच फडकं दिलं बांधायला.

एवढ्या प्रश्नांनी काय मिळाले ते पाहावे. घटनेची जागा, वेळ, आरोपीची तिथली हजेरी, साक्षीदाराची त्याच्याशी ओळख आणि डाव्या दंडाची ताजी जखम. रिक्षावाल्याने स्वतःच्या साक्षीत सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला एका त्रयस्थाचा दुजोरा मिळाला आहे. फक्त चाकू मारण्याचा क्षण राहिला. शिवाय शेवटच्या उत्तरात एक न मागितलेली देणगी आहे. लाइट गेली होती म्हणणाऱ्या माणसाला रक्त दिसले, आणि ते कुठून येते आहे हेही दिसले. विद्यार्थ्याने इथे खूश होऊन ‘मग अंधारात दिसलं कसं?’ असे विचारू नये. साक्षीदार सांगेल की मोबाइलचा उजेड होता, कुणीतरी बॅटरी आणली, आणि हाती आलेला मुद्दा निसटेल. तो मुद्दा युक्तिवादासाठी राखून ठेवायचा असतो.

या भागाला कायद्यात पक्का आधार आहे. साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सत पाल विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात नि:संदिग्धपणे सांगितले. पुढे २००६ पासून कायद्यातच तसे पोटकलम आले आणि नव्या कलम १५७ मध्येही ते आहे. अशा साक्षीदाराच्या साक्षीतल्या कोणत्याही भागावर पक्ष भिस्त ठेवू शकतो. ती विश्वासार्ह वाटते का, हे न्यायालय इतर पुराव्याशी ताडून ठरवते. त्यामुळे मान्य गोष्टी गोळा करण्याचा हा कंटाळवाणा वाटणारा टप्पा खरे तर सरकार पक्षाच्या सर्वांत उपयोगाचा आहे. विद्यार्थी नेमका तोच गाळतात.

आता जबाबाकडे. इथली पद्धत काटेकोर आहे आणि प्रात्यक्षिकाचे बरेच गुण इथेच मिळतात किंवा जातात. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ नुसार आधीच्या लेखी निवेदनाने साक्षीदाराला खोटे ठरवायचे असेल, तर निवेदनातला जो नेमका भाग वापरायचा तो त्याच्या नजरेस आणून द्यावा लागतो. अख्खा जबाब वाचून दाखवून ‘हे सगळं तुम्ही सांगितलं होतं ना?’ असे विचारून चालत नाही. विद्यार्थ्याने आधी साक्षीदाराला आजच्या म्हणण्यावर पक्के करावे: ‘वार कुणी केला ते तुम्ही पाहिलं नाही, असं तुमचं आजचं म्हणणं आहे?’ होय. मग ‘१५ मार्चला पोलिसांनी तुमची विचारपूस केली होती?’ होय. आणि मग ते एकच वाक्य, आहे तसे, एकही शब्द न बदलता वाचून दाखवावे आणि विचारावे, ‘असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?’

साक्षीदार म्हणतो, ‘असं मी सांगितलं नाही. पोलिसांनी तसं का लिहिलं याचं कारण मला सांगता येणार नाही.’ महाराष्ट्रातल्या कोर्टांत हे वाक्य इतके ठरावीक आहे की, ते ऐकल्यावर अनुभवी सरकारी वकील पुढचे पाऊल सवयीने उचलतो. जबाबातला तेवढा भाग कंसात घेऊन त्यावर खूण करण्याची तो विनंती करतो. नोंदीत त्याला ‘पोर्शन मार्क ए’ म्हणतात. विद्यार्थ्याचा प्रश्न कितीही चांगला असला, तरी ही खूण मागायला तो विसरला तर पुढे त्या भागाचे काहीच करता येत नाही.

कारण साक्षीदाराने नाकारलेला भाग अजून सिद्ध झालेला नसतो. तो सिद्ध होतो जबाब नोंदवणारा तपासी अंमलदार साक्षीला येतो तेव्हा. त्याला हा भाग दाखवून विचारायचे की टपरीवाल्याने असे सांगितले होते का आणि ते सांगितल्याप्रमाणे लिहिले का. त्याने होय म्हटल्यावर विसंगती सिद्ध होते आणि त्या भागाला निशाणी क्रमांक मिळतो. व्ही. के. मिश्रा विरुद्ध उत्तराखंड राज्य या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच पायरी पुन्हा समजावून सांगितली. साक्षीदाराने भाग मान्य केला तर वेगळ्या सिद्धतेची गरज नाही. नाकारला तर अंमलदाराकडून सिद्ध करून घ्यायला हवा. वर्गात अंमलदाराची साक्ष बहुधा वेळेअभावी होत नाही. म्हणून हुशार परीक्षक शेवटी तोंडी विचारतात, ‘आता हा कागद पुढे कुणाला दाखवाल?’

याच टप्प्यावर फाइलमध्ये एक सापळा असतो. पुष्कळ विद्यार्थी तोऱ्यात विचारतात, ‘जबाबावरची ही सही तुमचीच ना?’ पण पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असेच कलम १८१ सांगते. फिर्यादीवर सही असते, पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असतात, या जबाबावर नसते. हा प्रश्न विचारणाऱ्याने मूळ कागद वाचलेला नाही हे तिथल्या तिथे कळते.

दुसरी गफलत अधिक खोल आहे. पोर्शन मार्क ए सिद्ध झाला म्हणजे आरोपीने चाकू मारल्याचा पुरावा मिळाला, असे विद्यार्थ्यांना वाटते. तसे नाही. पोलिसांपुढचा जबाब शपथेवर दिलेला नसतो आणि तो स्वतंत्र पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्याने एवढेच दाखवता येते की हा माणूस पूर्वी एक बोलला आणि आज दुसरे बोलतो, म्हणून त्याच्या आजच्या नकाराला फार वजन देऊ नये. चाकू कुणी मारला हे सिद्ध करायचे तर रिक्षावाल्याची साक्ष, वैद्यकीय पुरावा आणि टपरीवाल्याने आज शपथेवर मान्य केलेल्या गोष्टी यांवरच उभे राहावे लागेल. मान्य गोष्टी आधी का गोळा करायच्या, त्याचे खरे कारण हे आहे.

आता लाइट गेल्याचा मुद्दा. जबाबात लाइट असल्याचेही लिहिलेले नाही आणि गेल्याचेही नाही. म्हणजे इथे वाचून दाखवायला वाक्यच नाही. आहे ती उणीव. जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदार आज सांगतो, याला विसंगती म्हणायचे का, हा प्रश्न तहसीलदार सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५९ च्या खटल्यात सहा न्यायाधीशांपुढे आला होता. योगायोग असा की तिथेही वाद उजेडाचा होता. घटनास्थळी गॅसबत्ती असल्याचे तपासी अंमलदाराला सांगितले होते का, असा प्रश्न साक्षीदाराला विचारू द्यायचा की नाही, यावर काथ्याकूट झाली. बहुमताने ठरले की प्रत्येक उणीव म्हणजे विसंगती नव्हे. जबाबातले म्हणणे आणि आजचे म्हणणे एकत्र टिकूच शकत नसेल, तेव्हाच ती उणीव विसंगतीच्या पंगतीला बसते. पुढे १९७३ च्या संहितेत स्पष्टीकरण आले की संदर्भ पाहता महत्त्वाची आणि प्रस्तुत असलेली उणीव विसंगती ठरू शकते, आणि ती तशी आहे का हा त्या त्या खटल्यातल्या वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. नव्या कलम १८१ मध्ये ते कायम आहे.

टपरीवाल्याच्या जबाबाला ही कसोटी लावून पाहावी. ‘समोरून पाहिले’ म्हणणारा माणूस त्या वेळी काळोख होता ही गोष्ट सांगायची विसरेल का? दोन्ही म्हणणी एकत्र नांदत नाहीत. म्हणून ही उणीव महत्त्वाची आहे, असे विद्यार्थ्याला ठामपणे म्हणता येते. प्रश्न असा येतो: ‘घटनेच्या वेळी लाइट गेली होती असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?’ सांगितले होते. ‘तुमच्या जबाबात ते नाही. कारण सांगू शकाल?’ नाही. बस्स, इथे थांबायचे. तपासी अंमलदाराला नंतर ‘टपरीवाल्याने लाइट गेल्याचे आपल्याला सांगितले नव्हते’ हे विचारून घेतले की साखळी पूर्ण झाली. खऱ्या खटल्यात सावध सरकारी वकील त्या रात्रीच्या वीजपुरवठ्याची महावितरणची नोंदही मागवेल.

आपल्याच साक्षीदाराने पाठ फिरवण्याचे कारण विचारायचे की नाही, यावर विद्यार्थी चाचपडतात. सरकारी वकिलाला कारण सुचवता येते: ‘आरोपीच्या भावाच्या जागेत तुमची टपरी आहे, म्हणून तुम्ही आज खोटं सांगता.’ साक्षीदार म्हणतो, ‘हे म्हणणं खरं नाही.’ पण अशा सूचनेला फाइलमध्ये काही आधार असायला हवा. साक्षीदाराच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा प्रश्न वाजवी आधाराशिवाय विचारू नये, असे साक्ष्य अधिनियमाचे कलम १५२ बजावते. आणि नाकारलेली सूचना हा पुरावा नव्हे. साक्षीदाराने नाही म्हटल्यावर सुचवणाऱ्याच्या हाती फक्त एक प्रश्न उरतो.

याउलट जो प्रश्न कधीच विचारू नये तो म्हणजे ‘मग तुम्ही खोटं का बोलताय?’ हा खुला प्रश्न आहे. साक्षीदाराचे काम करणारा चलाख वर्गमित्र उत्तर देतो, ‘पोलिसांनी मला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं आणि त्यांच्या मनाचं लिहिलं.’ आता आरोपीच्या वकिलाला दुसरे काही विचारायचीही गरज नाही. वीस मान्य गोष्टींचा परिणाम या एका उत्तराने पुसला जाऊ शकतो. अमेरिकेतले प्राध्यापक आयर्व्हिंग यंगर यांनी १९७० च्या दशकात उलटतपासणीचे जे दहा नियम घालून दिले, त्यांत गरजेपेक्षा एक प्रश्न जास्त विचारू नका हा नियम आहे. फितूर साक्षीदाराच्या बाबतीत तो सर्वांत कडकपणे पाळावा लागतो, कारण हा माणूस कोणत्या दिशेने गेला आहे हे आपल्याला कळलेले असते, पण तो किती पुढे जाईल हे कळलेले नसते.

वर्गातल्या या अभ्यासाचे वजन कळण्यासाठी खरे खटले पाहावेत. गुजरातमधल्या बेस्ट बेकरी प्रकरणात साक्षीदार उलटल्यानंतर सर्व आरोपी सुटले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला सांगितले, आणि तो गुजरातबाहेर, महाराष्ट्रात. मुंबईतल्या या फेरखटल्यातही मुख्य साक्षीदार झहिरा शेख फितूर झाली. तरीही बेकरीतल्या जखमी कामगारांच्या साक्षी उभ्या राहिल्या आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. पुढे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या चौघांची शिक्षा कायम ठेवली आणि पाच जणांना सोडले. दरम्यान, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झहिरा शेखला न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्ष कैद सुनावली.

दिल्लीतल्या जेसिका लाल खुनाच्या खटल्यात वाद जबाबाच्या भाषेवरही झाला. मुख्य प्रत्यक्षदर्शीने कोर्टात सांगितले की त्याचा जबाब हिंदीत लिहिला गेला आणि त्याला हिंदी वाचता येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये आरोपी सुटले. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने इतर साक्षीदारांच्या आणि परिस्थितीच्या पुराव्यावर मुख्य आरोपीला दोषी ठरवले आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. वर्गातल्या फाइलमध्ये हा पेच सहज घालता येतो. टपरीवाल्याची बोली एक आणि पोलिसांच्या लिखाणातली ‘सदर इसमाने’ छापाची भाषा दुसरी. ‘हे शब्द माझे नाहीत’ असे तो म्हणाला, तर विद्यार्थ्याने ‘जबाब तुम्हाला वाचून दाखवला होता?’ हा प्रश्न विचारण्याआधी कागदाच्या तळाशी तशी नोंद आहे का ते पाहिलेले असावे.

परीक्षक गुण कसे देतात? चांगली पद्धत अशी की एका विद्यार्थ्याला कोर्टातल्या लेखनिकाचे काम द्यावे. खऱ्या कोर्टात साक्ष बहुधा प्रश्नोत्तरांत लिहिली जात नाही. ती साक्षीदाराच्या तोंडून बोलल्यासारखी, सलग उतरते: ‘माझी टपरी फाटकासमोर आहे. मी आरोपीला ओळखतो. हे म्हणणे खरे नाही की मी आरोपीस वाचवण्यासाठी खोटे सांगत आहे.’ प्रात्यक्षिक संपल्यावर हा कागद वाचायचा. अपील चालवणारे न्यायाधीश साक्षीदाराला पाहत नाहीत, हाच कागद पाहतात. वर्गात टाळ्या मिळवणारी उलटतपासणी कागदावर कधी कधी पाच ओळींची उरते. त्यात खुणेचा भाग नसतो आणि मान्य गोष्टी नसतात. नुसत्या ‘हे म्हणणे खरे नाही’ अशा ओळी असतात. हळू आवाजात, कागद बघत बघत प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या नोंदीत मात्र जागा, वेळ, ओळख, हजेरी, रक्त, फडके आणि पोर्शन मार्क ए हे सगळे ओळीने आलेले असते.

जे परीक्षक आणखी खोलात जातात, ते दुसऱ्या फेरीत फाइल थोडी बदलतात. गुन्हा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा करतात, उदाहरणार्थ खुनाचा प्रयत्न. अशा गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्याने नोंदवावा, असे नव्या संहितेच्या कलम १८३ मध्ये आले आहे. मग टपरीवाल्याचे दोन जबाब होतात, एक पोलिसांपुढचा बिनसहीचा आणि दुसरा दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर दिलेला, सहीचा. या दुसऱ्या कागदाला कलम १८१ चे बंधन लागत नाही. तो विसंगती दाखवायला वापरता येतो आणि साक्षीदार खरे बोलला तर त्याला पुष्टी द्यायलाही. पण तोही स्वतंत्र पुरावा ठरत नाही. मात्र शपथेवर दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्यामुळे खोट्या साक्षीच्या कारवाईसाठी कलम ३७९ खाली न्यायालयाकडे अर्ज करण्याचा मार्ग उघडतो. अशा फेरीत विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते, की टपरीवाल्यापुढे दोन कागदांपैकी कोणता आधी ठेवायचा. बहुतेक जण हाताला सवय झालेला पोलिसांचा जबाब उचलतात. सहीचा कागद आधी दाखवला, तर ‘असं मी सांगितलं नाही’ हे ठरलेले उत्तर द्यायला साक्षीदाराला बरेच जड जाते.